तारीख वाच, मग तोंड उघड

"प्रश्न फसवा होता, सर." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. प्रश्नात फसवं काही नव्हतं. फसवलंस तू, आणि तेही स्वतःलाच. वेळ संपायच्या आधी पेपर देऊन तू बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला होतास. तेवढ्या वेळात तो प्रश्न तीनदा वाचून झाला असता.

पेपर माझ्या हातात आहे. उजेडात धरून बघितला. आधी तू 'क'वर खूण केली होतीस. मग खोडलीस. रबर इतक्या जोरात घासलंस की कागदाचं साल निघालंय. आणि मग 'अ'वर ठसठशीत खूण. म्हणजे बरोबर उत्तर तुला आलं होतं. हातात आलेलं तू टाकून दिलंस. ज्याला येतच नाही त्याला मी चारचौघांत बोलत नाही, त्याला शिकवतो. तुला येतं आणि तरी तू चुकतोस, म्हणून ही कानउघाडणी आहे. नीट ऐक.

'अ' का निवडलंस? मी सांगतो. 'अ'मध्ये 'अशक्य' हा शब्द होता आणि 'शून्य' हा शब्द होता. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५६, तुला तोंडपाठ. 'अशक्य' दिसलं, 'शून्य' दिसलं, गडी खूश. पुढचं वाचायची गरजच काय? पाठांतराला तू अभ्यास समजतोस, हीच तुझी खोड.

आता प्रश्न परत वाच. माझ्यादेखत वाच. एका नाट्यसंस्थेने १ जुलैला नाट्यगृहाच्या मालकाशी लेखी करार केला. १५ ऑगस्टच्या रात्री एक प्रयोग. भाडं ३०,००० रुपये, त्यांपैकी १०,००० करार करतानाच दिले. ८ ऑगस्टच्या रात्री, कोणाचीही चूक नसताना, आग लागून नाट्यगृह जळून गेलं. संस्था म्हणते, तिकिटांतून ८०,००० मिळाले असते, तेही द्या. मालक म्हणतो, माझ्याकडे आता नाट्यगृहच नाही, मी काय देणार? योग्य पर्याय निवडा.

मी नाट्यगृहाचं नाव घातलं नव्हतं. कोल्हापुरात ते घालायची गरज आहे का? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावानं डोळ्यांनी बघितलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला जाऊन उभी राहिलेली माणसं रडत होती. ती तारीख या गावात कोणी विसरलेलं नाही. आणि तूच ती तारीख प्रश्नात वाचली नाहीस?

कारण सगळा प्रश्न त्या तारखेत आहे. १ जुलै आणि ८ ऑगस्ट. दोनच तारखा. करार आधी, आग नंतर. आता सांग, १ जुलैला नाट्यगृह उभं होतं की नव्हतं? होतं. करार करायला दोघं पात्र होते? होते. पैसे ठरले, दिवस ठरला, कायद्याला न चालणारं त्यात काही होतं? नव्हतं. मग १ जुलैला झालेला करार 'मुळापासूनच शून्य' कसा झाला? कोणत्या तोंडाने तू 'अ'वर खूण केलीस?

कलम ५६ चा पहिला परिच्छेद म्हणतो की जी गोष्ट मुळातच अशक्य, ती करण्याचा ठराव शून्य. कायद्यानेच तिथे उदाहरण दिलंय, जादूने धन शोधून देण्याच्या कराराचं. ते करारावर सही करताना अशक्य होतं, आदल्या दिवशी अशक्य होतं, दुसऱ्या दिवशीही अशक्यच राहणार. तसं नाटकाचा प्रयोग आहे का? नाट्यगृह देणं १ जुलैला शक्य होतं, ७ ऑगस्टला शक्य होतं, ८ ऑगस्टच्या संध्याकाळीसुद्धा शक्य होतं. त्या रात्री ते अशक्य झालं. 'झालं' हे क्रियापद बघ. दुसऱ्या परिच्छेदात हेच सांगितलंय: करार झाल्यानंतर कृत्य अशक्य झालं, किंवा वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदेशीर झालं, तर ते अशक्य किंवा बेकायदेशीर झाल्या क्षणी करार शून्य होतो. त्या क्षणी. मागे जाऊन नव्हे.

"पण सर, दोन्हीकडे शून्यच ना? फरक काय पडतो?" हे तू मला काल व्हरांड्यात विचारलंस. विचारताना तुझा चेहरा असा होता, की जणू मीच उगाच काथ्याकूट करतोय. फरक काय पडतो ते आता सांगतो, आणि हे वहीत लिहून घे.

समज, हाच करार १ जुलैला झाला नाही. ९ ऑगस्टच्या सकाळी मिरजेत बसून दोघांनी सही केली. आदल्या रात्री नाट्यगृह जळालंय, हे दोघांनाही माहीत नाही. आता ज्या वास्तूवर करार केला ती वास्तू करार होतानाच नव्हती. दोघांचीही एकाच मूलभूत वस्तुस्थितीबद्दल चूक. हा कलम २० चा मामला, करार जन्मालाच आला नाही. इथे तुझा 'अ' बरोबर ठरला असता. आणि समज, मालकाला आग लागल्याचं ठाऊक होतं, तरी गुपचूप त्याने १०,००० खिशात घातले. मग कलम ५६ चा तिसरा परिच्छेद त्याला पकडतो. ज्याला अशक्यता माहीत होती, किंवा थोडी चौकशी केली असती तर कळली असती, त्याने अंधारात असलेल्या समोरच्याचं नुकसान भरून द्यायचं. बघितलंस? तेच नाट्यगृह, तीच आग, तेच ३०,०००. सहीची तारीख आगीच्या पलीकडे सरकली आणि उत्तर बदललं. आणि तू म्हणतोस फरक काय पडतो!

आता 'ब'. मालकाने करार मोडला, म्हणून कलम ७३ खाली बुडालेल्या तिकिटांचे ८०,००० सुद्धा द्यावे. तुझ्या शेजारी बसणाऱ्याने हे निवडलं. त्याला वेगळं ऐकवीन, पण तूही ऐक. करारभंग म्हणजे करता येत असून न करणं. ज्याला करताच येत नाही, आणि ज्याच्यावर ते संकट त्याच्या चुकीने आलं नाही, त्याने मोडलं काय? हा प्रश्न नवा नाही. लंडनला सरे गार्डन्समधलं संगीतगृह ११ जून १८६१ ला जळालं. चार दिवसांच्या जलशांसाठी ते दिवसाला १०० पौंडांनी ठरलं होतं, करार २७ मेचा, पहिला जलसा १७ जूनचा. १८६३ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी टेलर विरुद्ध काल्डवेल या खटल्यात सांगितलं की त्या वास्तूचं अस्तित्व हाच कराराचा पाया होता, वास्तू गेली तर दोघेही सुटले. हे तुला माहीत आहे. परीक्षेत खटल्याचं नावही लिहिलंस. नाव लिहिलंस, पण त्यातलं वापरलं नाहीस. नाव लिहून कोणाला मार्क मिळतात?

मग उरतात ते १०,०००. इथे 'क' आणि 'ड' यांच्यात खरी कसोटी होती. 'ड' म्हणत होता की करार संपला, जो तो आपापल्या घरी, मालकाकडे गेलेले पैसे मालकाकडेच. इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं हेच चालायचं. १९०४ च्या चँडलर विरुद्ध वेब्स्टर खटल्यात न्यायालयाने नुकसान ज्याच्या अंगावर पडलं त्याच्याच अंगावर ठेवलं, आणि हा अन्याय तिथे १९४० च्या दशकात दुरुस्त झाला. आपल्याकडे कलम ६५ मध्ये तो १८७२ पासूनच दुरुस्त आहे. करार शून्य झाला की ज्याने त्याखाली काही लाभ घेतला, त्याने तो परत करायचा किंवा भरपाई द्यायची. कायद्यातलं उदाहरण तर अगदी आपल्या प्रश्नाला चिकटून आहे. गायकाला १,००० रुपये आगाऊ दिले, तो आजारी पडला, गाऊ शकला नाही. कार्यक्रमातून होणारा नफा त्याच्याकडून मागता येत नाही. पण घेतलेले १,००० त्याने परत करायचे. गायकाच्या जागी नाट्यगृह ठेव. ८०,००० नाही. १०,००० परत. उरलेले २०,००० द्यायचे नाहीत. हाच 'क'. हाच तू खोडलास.

मला राग याचाच येतो. तुला कलम ६५ माहीत होतं. त्या उदाहरणातला गायकही माहीत होता, कारण मागच्या महिन्यात वर्गात सगळ्यांच्या आधी तूच सांगितला होतास. मग परीक्षेत हात का थरथरला? कारण 'क' लांब होता. दोन ओळींचा. त्यात तीन गोष्टी तपासायच्या होत्या. 'अ' अर्ध्या ओळीचा. तुला कष्ट चुकवायचे होते, आणि त्या कष्टचुकवेपणाला तू 'प्रश्न फसवा होता' असं नाव दिलंस.

आता दुसरा प्रश्न. तिथे तू बरोबर उलटं पाप केलंस. पहिल्यात नंतर आलेली अशक्यता तुला दिसली नाही, आणि दुसऱ्यात जिथे अशक्यता नव्हतीच, तिथे ती दिसली.

आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी. २० जुलै २०१९ ला त्याने गुजरातच्या व्यापाऱ्याशी करार केला. २०० क्विंटल गूळ, ४,००० रुपये क्विंटल, ३१ ऑगस्टपर्यंत पोच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, वाहतूक जवळपास आठवडाभर बंद. प्रश्नातल्या व्यापाऱ्याच्या गोदामात पाणी शिरून १२० क्विंटल गूळ भिजला आणि बाजारात भाव ४,९०० झाला. व्यापारी म्हणतो: निसर्गाचा कोप, करार शून्य.

आणि तू मान डोलावलीस. 'करार शून्य, कलम ५६.' वर कंसात लिहिलंस: 'महापूर'. जणू पुराचं नाव घेतलं की विषय संपला.

पूर मोठा होता. कोणाचं घर गेलं, कोणाची जनावरं गेली, हे मला तू सांगायचं कारण नाही. पण मी तुला पुराबद्दल विचारलं नव्हतं. वचनाबद्दल विचारलं होतं. वचन काय होतं? २०० क्विंटल गूळ. कोणता गूळ? त्या गोदामातला, त्या ढिगातला, अमुक खुणेचा? प्रश्नात असं काही होतं का? नव्हतं. नुसता कोल्हापुरी गूळ, ठरलेल्या प्रतीचा. तो बाजारात होता की नव्हता? होता. महाग होता, पण होता. भाव ४,९०० झाला, याचाच अर्थ कोणीतरी विकत होतं आणि कोणीतरी घेत होतं. रस्ता? आठवड्यात खुला झाला. मुदत? ३१ ऑगस्ट. रस्ता खुला झाल्यावर दोन आठवड्यांहून जास्त दिवस हातात होते. आता अशक्य काय राहिलं, बोट ठेवून दाखव. मी थांबतो.

काहीच नाही. व्यापाऱ्याकडे ८० क्विंटल कोरडा गूळ होता. १२० क्विंटल बाजारातून घ्यायचा. क्विंटलमागे ९०० जास्त, म्हणजे १,०८,००० रुपयांचा फटका. वाईट आहे. त्याची झोप उडेल. पण खिशाला चाट बसणं आणि काम अशक्य होणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि करार करतो कशासाठी माणूस? उद्याचा भाव आज बांधून घेण्यासाठीच ना? भाव पडला असता, तर हाच व्यापारी गुजरातवाल्याला म्हणाला असता का, की चल बाबा, कमी भावाने घे? आणि तुझा सल्ला ऐकून त्याने गूळ पाठवलाच नाही, तर ठरलेला भाव आणि पोच द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यांतला फरक तो कलम ७३ खाली देणं लागतो. भाव ४,९०० वरच राहिला, तर २०० क्विंटलचे १,८०,०००. वकील म्हणून तू त्याला हा खड्डा खणून दिला असतास.

भाव वाढला म्हणून सुटका मागणारे तुझ्या व्यापाऱ्याहून फार मोठे लोक सर्वोच्च न्यायालयात जाऊन आले आहेत. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले, कोळसा महागला, आणि मुंद्र्याच्या वीजकंपन्या म्हणाल्या की ठरलेल्या दराने वीज देणं आता होत नाही. एनर्जी वॉचडॉग खटल्यात एप्रिल २०१७ मध्ये न्यायमूर्ती नरिमन यांनी सांगितलं की कोळसा महाग झाला म्हणजे करार विफल झाला नाही. दुसरीकडून कोळसा आणता येत होता, कराराचा पाया शाबूत होता. कंपन्यांना जो काही दिलासा मिळाला, तो भारतातल्या कायद्यात आणि धोरणात झालेल्या बदलासाठी करारातच लिहिलेल्या तरतुदीतून. कलम ५६ मधून नाही. आणि २०२० च्या टाळेबंदीत? कोरियाहून पोलाद मागवणारे आयातदार मुंबई उच्च न्यायालयात गेले. म्हणाले, बाजार बंद, माल खपत नाही, करार शून्य ठरवा, बँकेला पैसे देऊ देऊ नका. विकणाऱ्यांनी माल जहाजावर चढवून आपलं काम केलं होतं. पोलादाच्या वाहतुकीला परवानगी होती. टाळेबंदी काही काळाची होती. न्यायालयाने ८ एप्रिल २०२० ला दिलासा नाकारला. 'आमचा माल खपणार नाही' ही अडचण घेणाऱ्याची. ती विकणाऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

आता तू म्हणशील, "पण सर, सत्यव्रत घोष खटल्यात तर म्हटलंय की 'अशक्य' म्हणजे अक्षरशः अशक्य असायला नको." आलास ना तिथे! अर्धवट वाचलेला निवाडा न वाचलेल्याहून वाईट. तो खटला मी तुझ्यासमोर मांडतो, कारण तुझ्या सगळ्या सबबींची उत्तरं त्या एकाच निवाड्यात आहेत.

कलकत्त्यात एका कंपनीने जमिनीच्या मोठ्या तुकड्याचे प्लॉट पाडून विकायला काढले. रस्ते आणि गटारं कंपनीने करून द्यायची, मग खरेदीखत. ऑगस्ट १९४० मध्ये एकाने १०१ रुपये इसार देऊन प्लॉट धरला. नोव्हेंबर १९४१ मध्ये सरकारने युद्धाच्या कामासाठी ती जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. काम थांबलं. १९४३ मध्ये कंपनीने कळवलं की आता रस्ते-गटारं होणं शक्य नाही, करार संपला असं समजा आणि इसार परत घ्या. सत्यव्रत घोष हे त्या मूळ खरेदीदाराच्या हक्कावर उभे राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १६ नोव्हेंबर १९५३ ला निकाल लागला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलं की कलम ५६ मधलं 'अशक्य' हे केवळ शारीरिक किंवा अक्षरशः अशक्य या अर्थाने घ्यायचं नाही. करार करणाऱ्यांच्या उद्देशाच्या दृष्टीने ते कृत्य निरुपयोगी किंवा अव्यवहार्य झालं, ज्या पायावर त्यांनी सौदा केला तो पायाच उखडला, तरी ते अशक्यच.

इथपर्यंत तू वाचलंस. मग पुस्तक मिटलंस. पुढे काय झालं? करार शून्य ठरला का? नाही! कंपनी हरली. हे तुला माहीत नव्हतं ना? ते तत्त्व जिच्या बाजूचं असं तू समजतोस, तीच बाजू हरली. का हरली, ते बघ. रस्ते-गटारं कधीपर्यंत करायची याची मुदत करारात नव्हती. जमीन सरकारने घेतली ती तात्पुरती. आणि सर्वांत महत्त्वाचं, ऑगस्ट १९४० मध्ये करार करताना युद्ध चालू होतं. युद्धात जमिनी ताब्यात घेतल्या जातात, साहित्य मिळत नाही, कामं अडतात, हे दोघांनाही दिसत होतं. माहीत असून केलेल्या करारात थोडा उशीर आला म्हणून पाया उखडला असं म्हणता येत नाही.

आता हा निवाडा उचल आणि तुझ्या गुळाच्या व्यापाऱ्यावर ठेव. २० जुलै. भर पावसाळा. २००५ चा महापूर या गावाने पाहिलेला. नदी दर वर्षी पात्राबाहेर येते, बंधारे दर वर्षी पाण्याखाली जातात. अशा गावात, अशा महिन्यात, करार करणारा म्हणतो की पुराने रस्ता अडेल याची मला कल्पना नव्हती? पाणी ५५ फुटांवर जाईल हे कोणाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण पावसाळ्यात रस्ता काही दिवस अडेल, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि २०१९ नंतर २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. आता जो व्यापारी जुलैमधल्या करारात पुराचं कलम घालत नाही, त्याची तक्रार आणखी कमी टिकेल.

कलम घालतो, तर काय? हेही तू विसरतोस. करारात 'पुरामुळे रस्ता बंद झाल्यास मुदत तेवढे दिवस वाढेल' असं लिहिलं असेल, तर कलम ५६ ला हातसुद्धा लावायचा नाही. दोघांनी त्या घटनेची तरतूद आधीच केली आहे. मग तो कलम ३२ चा, म्हणजे घटनेवर अवलंबून असलेल्या कराराचा प्रश्न. करार काय म्हणतो, ते आधी वाच. करार बोलत असताना कायद्याने मध्ये तोंड घालायचं नसतं. कलम ५६ करार गप्प असेल तिथे येतं.

आणि गुळाच्या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं असतं, तेही सांगतो, नाहीतर उद्या तू गूळ दिसला की 'करार चालू' लिहून मोकळा होशील. करारात लिहिलं असतं, 'माझ्या अमुक गोदामातला, या खुणेचा, हाच २०० क्विंटल गूळ', आणि जोखीम घेणाऱ्याकडे जायच्या आधी, कोणाची चूक नसताना, तो सगळा भिजून चिखल झाला असता, तर? तर मालविक्री कायदा १९३०, कलम ८. ठरावीक मालच नष्ट झाला की करार संपतो. आणि करार करायच्या आधीच तो माल गेलेला असेल आणि विकणाऱ्याला ते माहीत नसेल, तर कलम ७. सातवं आणि आठवं. आधी आणि नंतर. पुन्हा तारीखच! नाट्यगृहाला जो नियम, गुळाला तोच नियम.

'कोणाची चूक नसताना' हे शब्दही प्रश्नात मी शोभेला घालत नाही. पाणी चढतंय अशी सूचना चार दिवस येत होती आणि व्यापाऱ्याने ढीग खालच्या फळीवरच ठेवला, तर तो पुराकडे बोट दाखवू शकत नाही. स्वतः ओढवून घेतलेली अशक्यता ही सुटका नव्हे. हे शब्द प्रश्नात असतील तर त्यांखाली रेघ मार. नसतील तर का नाहीत, ते स्वतःला विचार. तुझ्या पेपरावर मला एकही रेघ दिसली नाही.

"वेळ मिळत नाही, सर. नोकरी आहे, अपडाऊन आहे." माहीत आहे. कागलहून येतोस, एस.टी.ने येतोस, दमतोस. पण एक सांग, कलम ५६ पाठ करायला वेळ मिळाला ना? मग त्यातले तीन परिच्छेद वेगळे करायला किती लागतो? तुझ्याच भाषेत बोलायचं तर तुझी अडचण आहे, अशक्यता नाही. कष्ट वाढले म्हणून तू कर्तव्यातून सुटलास असं समजतोस, आणि नेमका हाच फरक मी तुला प्रश्नात विचारला होता!

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावात बसतं. इतकी वर्षं मुंबईच्या वाऱ्या करणारे पक्षकार आता इथे येतात. गडहिंग्लजचा, राधानगरीचा माणूस उद्या तुझ्यासमोर कागद टाकून विचारेल, 'साहेब, माझा करार राहिला की गेला?' तिथे चार पर्याय छापलेले नसतात. खोडायला रबर नसतं. आणि तू 'महापूर' म्हणून मान हलवलीस, तर पैसे तुझे जात नाहीत, त्याचे जातात.

उद्या सकाळी हे लिहून आण. नाट्यगृहाचा तोच प्रश्न. १ जुलैचा करार, ८ ऑगस्टची आग. पण त्याच नाट्यसंस्थेने आणखी दोन करार केले होते. एक, प्रकाशयोजनेचं सामान भाड्याने देणाऱ्याशी: 'त्या नाट्यगृहात, १५ ऑगस्टच्या रात्रीच्या प्रयोगापुरतं'. दुसरा, शिंप्याशी: नाटकाचे बारा पोशाख, १० ऑगस्टपर्यंत, वीस हजार रुपये. नाट्यगृह जळालं म्हणून संस्था दोघांनाही म्हणते, करार संपला. प्रकाशवाल्याचा पाया जळाला का? शिंप्याचा जळाला का? ते बारा पोशाख सांगलीच्या प्रयोगाला घालता येतात की नाही? शिंप्याने ७ ऑगस्टपर्यंत सात पोशाख शिवून ठेवले होते, त्यांचं काय? प्रकाशवाल्याने ५,००० आगाऊ घेतले होते, त्यांचं काय? प्रत्येक उत्तराला आधी दोन तारखा लिही, मग वचन नेमकं कशाचं होतं ते एका वाक्यात लिही, मग कलम. कलम आधी लिहिलंस तर पान परत देईन. खाडाखोड चालेल. बरोबर उत्तर खोडलेलं चालणार नाही.